मराठी फोन, इंग्रजी अ‍ॅप आणि कानाचं मशीन

सातारच्या एक काकू दोन्ही कानांना मशीन लावतात. वय बहात्तर, मराठी खडखडीत वाचतात, इंग्रजीशी फारशी ओळख नाही. फोन अँड्रॉइडचा आणि पूर्ण मराठीत. त्यात मशीनचं अ‍ॅप तेवढं इंग्रजी. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, आणि त्या माझ्याकडे आल्या त्या तीन तक्रारी घेऊन. आवाज कमी केला तरी सकाळी परत मोठा झालेला असतो. भाचीच्या लग्नाहून आल्यापासून मागून हाक मारलेली कळत नाही. आणि बॅटरी अ‍ॅपवर भरलेली दिसत असताना मशीन बंद पडतं, त्याच्या आधी कानात एक बाई इंग्रजीत काहीतरी पुटपुटते. त्यांच्या मते मशीन खराब निघालं होतं. मशीन ठीक होतं, तिन्ही गोष्टी ते नेमून दिल्याप्रमाणेच करत होतं. कंपनीगणिक अ‍ॅपचा चेहरा वेगळा असतो, पण त्यामागचा कारभार बराचसा सारखा असतो, म्हणून काकूंचं प्रकरण इतरांच्याही कामाचं आहे.

आधी भाषेचं बघू. फोन मराठीत असला की अ‍ॅपही मराठीत दिसावं अशी अपेक्षा असते, पण अ‍ॅप बनवणाऱ्यांनी त्यात मराठी घातलीच नसेल तर फोन ती आणणार कुठून? अशा वेळी फोन तुमच्या भाषांच्या यादीतली पुढची भाषा बघतो, आणि तीही अ‍ॅपमध्ये नसेल तर बहुतेक वेळा इंग्रजी दाखवतो. काकूंच्या फोनमध्ये यादीत मराठीखाली इंग्रजी होती. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत हिंदी घालून ती दुसऱ्या क्रमांकावर सरकवली, तर फोन मराठीतच राहतो आणि ज्या अ‍ॅपमध्ये हिंदी आहे ते हिंदीत उघडतं. अँड्रॉइड १३ पासून एकेका अ‍ॅपची भाषा स्वतंत्रपणे ठरवायचीही सोय आहे. काकूंच्या अ‍ॅपमध्ये हिंदी नव्हती, त्यामुळे हा उपाय तिथेच संपला. पण सांगून ठेवतो, कारण पुष्कळांचं काम एवढ्यानेच होतं.

मग आम्ही वाचण्याच्या फंदात न पडता पडद्यावर काय कुठे आहे ते बघितलं. वर दोन छोट्या बॅटऱ्यांची चित्रं, एकीशेजारी L आणि दुसरीशेजारी R. मध्ये मोठ्या अक्षरात चालू प्रोग्रामचं नाव. खाली आवाजाची पट्टी आणि तिच्यावर सरकणारा गोल ठिपका. L म्हणजे डावं, R म्हणजे उजवं, एवढी दोन अक्षरं मात्र पाठ करावीच लागतात. मशीनवर ती ओळखायला अक्षरांचीही गरज नाही. जगभर उजव्या मशीनला लाल खूण असते आणि डाव्याला निळी.

पट्टीच्या बाजूला दोन ठिपक्यांचं एक लहानसं चिन्ह होतं. ते दाबलं की एका पट्टीच्या दोन पट्ट्या होतात आणि प्रत्येक कानाचा आवाज वेगळा फिरवता येतो. सोय चांगली आहे, पण चुकून दाबली गेली तर घोळ होतो. माणूस एकच पट्टी खाली ओढतो आणि म्हणतो, डावं मशीन मेलं. एका कानाला अचानक कमी ऐकू यायला लागलं तर आधी पडद्यावर पट्टी एक आहे की दोन, हे बघा. दोन असतील तर तेच चिन्ह पुन्हा दाबल्यावर बहुतेक अ‍ॅपमध्ये त्या जुळतात.

आता सकाळी मोठा होणारा आवाज. पट्टीवरचा ठिपका मध्यावर असतो तेव्हा तो आवाज ऑडिओलॉजिस्टने तुमच्या श्रवण तपासणीवरून बसवलेला असतो. अ‍ॅप त्याच्या वर-खाली काही पायऱ्याच सरकू देतं, आणि त्या किती हेही क्लिनिकमध्येच ठरतं. ही सरकवासरकव तेवढ्यापुरती असते. मशीन बंद होऊन चालू झालं की ते पुन्हा मध्यावर येतं आणि पहिल्या प्रोग्रामवर जातं. काकू रोज रात्री बॅटरीचं दार उघडून ठेवत होत्या, आणि तसंच करायला हवं, कारण बॅटरी वाचते आणि आतला दमटपणा निघून जातो. फक्त त्या दारासोबत त्यांनी दिवसा केलेला बदलही जात होता.

रोज सकाळी दोन पायऱ्या खाली यायची वेळ येत असेल तर अ‍ॅपशी झगडण्यात अर्थ नाही. मूळचा आवाजच तुमच्यासाठी जास्त बसवलेला आहे. हल्लीच्या बहुतेक मशीनमध्ये वापराची नोंद राहते, म्हणजे दिवसाला किती तास घातलं, कुठला प्रोग्राम किती वेळ चालला, काहींत आवाज किती वर-खाली केला हेसुद्धा. काकूंचं मशीन संगणकाला जोडल्यावर ते स्पष्ट दिसलं. मधला बिंदू थोडा खाली आणला आणि पहिली तक्रार संपली. नव्याने मशीन लावलेल्यांना सुरुवातीला सगळाच आवाज अंगावर येतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी असं खाली आणत नाही. काकूंना मशीन लावून बराच काळ झाला होता.

दुसरी तक्रार लग्नाची. मंगल कार्यालयात भाच्याने कौतुकाने अ‍ॅप उघडून Restaurant नावाचा प्रोग्राम लावून दिला होता. हेतू बरोबर होता. या प्रोग्राममध्ये मशीनचे माइक समोरच्या माणसाकडे रोखले जातात आणि बाजूचा, मागचा आवाज मुद्दाम दाबला जातो. पंगतीत समोर बसलेल्याचं बोलणं त्याने जरा बरं लागतं. घरी स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की तोच प्रोग्राम मागून आलेली हाक खातो. तुम्ही म्हणाल, रात्री दार उघडल्यावर पहिला प्रोग्राम आपोआप यायला हवा होता. आलाही होता. पण सकाळी काकू मशीनवरचं बटण आवाजाचं समजून दाबायच्या, आणि ते होतं प्रोग्राम बदलायचं.

इथे अ‍ॅपपेक्षा कान जास्त उपयोगी पडतो. बटण दाबून प्रोग्राम बदलला की बऱ्याच मशीनमध्ये पिकपिक वाजते. पहिल्यासाठी एकदा, दुसऱ्यासाठी दोनदा, तिसऱ्यासाठी तीनदा. प्रोग्रामचा क्रम क्लिनिकमध्ये ठरतो, म्हणून तो मराठीत लिहून घ्यावा: एक, रोजचा; दोन, गर्दीतला; तीन, गाण्याचा. काकूंनी तो कागद फ्रिजवर लावला. अ‍ॅपच्या पडद्याचा फोटो छापून त्यावर पेनाने मराठी नावं लिहून दिली तर आणखी बरं. अ‍ॅपची पुढची आवृत्ती आली की चित्रं थोडी हलतात, तेव्हा कागदही नवा करावा लागतो.

यादीत टेलिकॉइलचा, म्हणजे T खुणेचा प्रोग्राम असेल तर तो लागतो का, हे ऑडिओलॉजिस्टला विचारा. त्यात काही वेळा माइक पूर्ण बंद असतो आणि मशीन फक्त चुंबकीय लहरी पकडतं. तशी व्यवस्था नसलेल्या घरात तो चुकून लागला तर शांतता किंवा नुसती घरघर ऐकू येते, आणि माणूस बॅटरी बदलत बसतो. काकूंचा तो मी काढूनच टाकला.

तिसरी तक्रार बॅटरीची, आणि तिच्यात सगळ्यात जास्त दम होता. त्यांच्या मशीनला ३१२ नंबरची, तपकिरी पट्टीची, झिंक-एअर बॅटरी लागते. पट्टी काढली की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि बॅटरी जागी होते. म्हणून पट्टी काढून मिनिट-दोन मिनिटं थांबावं, मग मशीनमध्ये घालावी. या बॅटरीचा दाब जवळपास शेवटपर्यंत सपाट राहतो आणि संपताना एकदम कोसळतो. अ‍ॅप उरलेला भाग ओळखतं ते या दाबावरूनच. त्यामुळे पाच-सहा दिवस चित्र भरलेलं दिसतं आणि मग एका दुपारी थेट रिकामं. मधल्या टक्क्यांवर भरवसा ठेवू नये. बॅटरी घातल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिणं जास्त खात्रीचं ठरतं, कारण एकाच माणसाच्या वापरात दोन बॅटऱ्यांचं आयुष्य साधारण सारखं निघतं. फोनवरचं बोलणं किंवा भजनं ब्लूटूथने मशीनमध्ये ऐकली तर ती लवकर संपते. चार्ज होणाऱ्या लिथियम मशीनमध्ये दाब हळूहळू उतरतो, तिथे टक्के बऱ्यापैकी खरे असतात.

कानात पुटपुटणारी बाई हा बॅटरी संपत आल्याचा इशारा होता. तो अ‍ॅपमधून येत नाही, मशीनमधून येतो, आणि त्याची भाषा अ‍ॅपमध्ये कितीही शोधली तरी सापडत नाही. ती क्लिनिकमधल्या सॉफ्टवेअरमधून बदलतात. काकूंच्या मशीनला मराठी आवाज नव्हता, म्हणून बोलणं बंद करून उतरत्या सुरांची धून ठेवली आणि ती त्यांना तिथेच चार-पाच वेळा ऐकवली. धून वाजल्यापासून मशीन बंद पडेपर्यंत कधी थोडी मिनिटं मिळतात, कधी तासभर, म्हणून नवी बॅटरी पाकिटात हवी.

फोनवर येणारा इशारा मात्र काकूंना कधीच मिळाला नव्हता. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक अ‍ॅपला सूचना पाठवण्यासाठी परवानगी मागावी लागते. पहिल्या दिवशी इंग्रजी पडदे भराभर पुढे ढकलताना ती नाकारली गेली होती. ही परवानगी फोनच्या सेटिंग्जमध्ये असते आणि फोन मराठीत असल्यामुळे ते पडदेही मराठीत होते. अ‍ॅप्सच्या यादीत मशीनचं अ‍ॅप उघडून काकूंनी सूचना स्वतःच सुरू केल्या. तिथेच जवळपासच्या डिव्हाइसची परवानगी असते. ती नसेल तर अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनवर अ‍ॅपला मशीन सापडत नाही. जुन्या फोनवर त्यासाठी लोकेशन लागतं. शेवटची अडचण फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सवयीची. बरेच फोन मागे चालणारं अ‍ॅप गुपचूप बंद करतात, मग इशारा देणार कोण? त्याच पानावर बॅटरीच्या भागात जाऊन या अ‍ॅपवरची बंधनं काढली. तरीही फोन आतल्या खोलीत आणि काकू अंगणात असल्या की ब्लूटूथ तुटतं, तेव्हा धून वाजली की बॅटरी बदलायची, फोन बघायला जायचं नाही, असं आमचं ठरलं.