नळीतून पाणी किती गरम होऊन बाहेर येईल?

समजा 10 मिलिमीटर व्यासाच्या, 1 मीटर लांब नळीवर 3 किलोवॅटची हीटर वायर एकसारखी गुंडाळली आहे. आत 25 अंशांचं पाणी येतंय, मिनिटाला 4 लिटर, म्हणजे सेकंदाला 0.067 किलो. सगळी उष्णता पाण्यातच गेली तर:

```
T_out = 25 + 3000/(0.067 × 4180) ≈ 36 °C
```

इथे रेनॉल्ड्स नंबर 10,000 च्या वर जातो, म्हणजे प्रवाह खळबळणारा आहे. पण गंमत बघा, सूत्रात खळबळ कुठेच नाही! ती ठरवते नळीच्या भिंतीचं तापमान. घुसळणारं पाणी भिंतीची उष्णता पटकन उचलतं, म्हणून बाहेरच्या टोकाला भिंत पाण्यापेक्षा साधारण 20 अंशांनीच जास्त तापते.

प्रवाह निम्मा केला, तर पाणी 46 अंशांवर जाईल, पण भिंत 75 च्या वर. म्हणून फक्त पाण्याचं तापमान मोजून नळी सुरक्षित आहे असं समजू नका.