सात लाखांचा प्रयोग आणि शेजारचा कारखाना

औषधांचा कच्चा माल, बाजारातल्या भाषेत ‘बल्क ड्रग’, बनवणाऱ्या कारखान्यात खर्च वाचतो तो बारीकसारीक गोष्टींतून. रिअ‍ॅक्टरमधून दर बॅचला थोडा जास्त माल निघाला, म्हणजे यील्ड वाढलं. वापरून झालेलं सॉल्व्हंट ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरता आलं. पाच टप्प्यांची प्रक्रिया चारांत बसली. यातलं काहीही आपोआप होत नाही. आधी प्रयोगशाळेत काचेच्या फ्लास्कमध्ये चाचण्या, मग पायलट प्लांट, तिथे वाया जाणाऱ्या काही बॅचेस, आणि त्यानंतर कुठे मोठ्या रिअ‍ॅक्टरची पाळी. पैसा आज जातो. बचत होईल ती उद्या, आणि तीही प्रतिस्पर्ध्याशी बाजारात गाठ पडल्यावर.

भारतातल्या औषध कंपन्यांनी हा खेळ पुष्कळ वर्षं खेळला आहे. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं. ते फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळू लागलं, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षांसाठी. तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवायला प्रत्येकाला मोकळीक होती. साहजिकच हुशार केमिस्ट ‘हेच औषध स्वस्तात कसं करता येईल’ या प्रश्नामागे लागले. २००५च्या जानेवारीपासून रेणूवरचं पेटंट परत आलं.

शेजारी प्रतिस्पर्धी असला की असं संशोधन वाढतं की आटतं? अर्थशास्त्रज्ञ यावर नुसती मतं देत बसले नाहीत, त्यांनी हिशेब मांडले. आपणही एक मांडू. आकडे काल्पनिक आहेत, मुद्दाम गोल घेतले आहेत.

समजा, एकाच औद्योगिक वसाहतीत दोन कारखाने एकच बल्क ड्रग बनवतात. दोघांचा उत्पादनखर्च किलोला ४०० रुपये. बाजारात वर्षाला ४० टन माल आला तर भाव ६०० रुपये मिळतो, आणि दर जादा टनामागे तो १० रुपयांनी उतरतो. प्रत्येकजण २० टन बनवतो आणि वर्षाला ४० लाख नफा कमावतो. एकविसावा टन कोणी काढत नाही, कारण त्यावर १ लाख ९० हजार सुटले तरी भाव १० रुपयांनी पडून आधीच्या २० टनांवर २ लाख जातात. दुसरा किती माल काढेल याचा अंदाज घेऊन आपला माल ठरवणाऱ्या दोघांची ही मांडणी फ्रेंच गणिती कूर्नो याने १८३८ मध्ये केली. त्याच्या उदाहरणात खनिज पाण्याच्या झऱ्यांचे दोन मालक होते.

आता पहिल्या कारखान्यापुढे एक संशोधन आहे. खर्च ७ लाख. जमलं तर किलोमागे ३० रुपये वाचतील. करावं का?

सरळ हिशेब सांगतो, करू नये. २० टनांवर ३० रुपये म्हणजे ६ लाख. खर्च उतरल्यामुळे थोडा माल वाढवला, तरी शेजारी २० टनांवरून हलला नाही तर एकूण फायदा सव्वासहा लाखांच्या आतच राहतो. घालायचे सात, मिळायचे सहा.

पण शेजारी हलतो. पहिल्याचा खर्च ३७० वर आल्याचं त्याला कळतं. हा आता २२ टन काढणार, हेही त्याला दिसतं. अशा वेळी आपला विसावा टन काढला तर त्याला त्यावर १ लाख ८० हजार सुटतील, पण भाव पडून उरलेल्या १९ टनांवर १ लाख ९० हजार जातील. म्हणून तो १९ वर थांबतो. बाजारात ४१ टन येतात, भाव ५९० ठरतो आणि पहिल्याचा नफा ४८ लाख ४० हजारांवर जातो. वाढ ८ लाख ४० हजारांची. सात लाखांचं संशोधन आता परवडतं.

यातले साधारण दोन लाख रिअ‍ॅक्टरमधून आलेले नाहीत. शेजारी एक पाऊल मागे सरला म्हणून ते मिळाले. स्पर्धेमुळे संशोधन वाढतं ते या वाटेने: खर्च कमी करणं म्हणजे पुढच्या सामन्यासाठी आधीच जागा अडवून बसणं. मात्र एक अट आहे. खर्च उतरल्याचं शेजाऱ्याला दिसलं पाहिजे आणि पटलंही पाहिजे. नुसत्या बढाईला घाबरून कोणी आपला रिअ‍ॅक्टर बंद करत नाही.

अडचण अशी की शेजाऱ्याकडेही कॅल्क्युलेटर आहे. तो हातावर हात ठेवून बसला तर त्याचा नफा ३६ लाख १० हजारांवर येतो. त्यानेही सात लाख घातले तर दोघे २१-२१ टन काढतात, भाव ५८० होतो आणि प्रत्येकाला ४४ लाख १० हजार मिळतात. सात वजा केले की उरले ३७ लाख १० हजार. बसून राहण्यापेक्षा हे बरं, म्हणून तोही संशोधन करतो. परिणाम काय, तर कोणीच काही केलं नसतं तेव्हाच्या ४० लाखांपेक्षा दोघेही जवळजवळ तीन लाखांनी खाली आले, आणि एकट्याने थांबण्याची सोयही उरली नाही. गोळ्या बनवणाऱ्या खरेदीदारांना मात्र किलोमागे २० रुपये स्वस्त माल मिळाला. त्यांचा फायदा ८ लाख २० हजारांचा, दोन्ही कारखान्यांचं मिळून नुकसान ५ लाख ८० हजारांचं. मालकांना जी चढाओढ उधळपट्टी वाटते, ती इथे समाजाच्या पथ्यावर पडते.

आतापर्यंत आपण धरून चाललो की शोध कारखान्याच्या भिंतींच्या आत राहतो. बल्क ड्रगच्या धंद्यात तो सहसा राहत नाही. केमिस्ट नोकरी बदलतो. रिअ‍ॅक्टर आणि ड्रायर पुरवणारा दोन्हीकडे जातो. पेटंट घ्यायचं तर पद्धत कागदावर उघडी करावी लागते. मालसुद्धा चुगली करतो: त्यात लेशमात्र उरणाऱ्या अशुद्धी तो कोणत्या वाटेने बनला हे सांगतात. प्रतिस्पर्ध्याच्या मालात कालपर्यंत नसलेली, पण आपल्याकडे नेहमी दिसणारी अशुद्धी आढळू लागली, तर आपली पद्धत तिकडे पोचली असा संशय घ्यायला जागा असते.

समजा, निम्मा शोध झिरपतो. पहिल्याचे ३० रुपये वाचले की शेजाऱ्याचे फुकटात १५ वाचतात. हिशेब मोठा मजेशीर निघतो. शेजारी २० टनांवरच राहतो, नफाही तोच ४० लाख. आपल्या संशोधनाने त्याचं ना बिघडलं, ना सुधारलं. पहिल्याचा फायदा मात्र सव्वासहा लाखांच्या आत येतो आणि संशोधन बारगळतं. पूर्ण शोध झिरपला तर फायदा फक्त ४ लाख १० हजारांचा, आणि तेवढाच शेजाऱ्यालाही, एक पैसा न घालता. मग दोघेही दुसऱ्याने आधी करावं म्हणून वाट बघत बसतात. ३० रुपये वाचवणारी पद्धत जन्मालाच येत नाही.

बेल्जियमचे क्लोद दास्प्रेमाँ आणि अलेक्सी जाक्मँ यांनी १९८८ मध्ये हाच धागा गणितात पकडला. संशोधनापुरतं दोघांनी एकत्र यावं आणि बाजारात मात्र स्पर्धा करावी, तर काय होईल? त्यांच्या मांडणीत निम्म्याची रेघ निर्णायक ठरते. झिरपणं निम्म्याहून जास्त असेल तर हातमिळवणीने संशोधन वाढतं, कमी असेल तर घटतं. आपल्या कारखान्यांवरही हे पडताळता येतं. पूर्ण झिरपत असेल तर दोघांनी साडेतीन-साडेतीन लाख घालावेत. प्रत्येकाला ४ लाख १० हजार मिळतात आणि एरवी अडलेलं काम होतं. काहीच झिरपत नसेल आणि ‘तूही करू नकोस, मीही करत नाही’ असं दोघांनी ठरवलं, तर दोघांचे ४०-४० लाख सुरक्षित राहतात आणि भाव ६०० वरच अडकतो. ‘सहकार्य’ हा शब्द दोन्हीकडे लागू पडतो. पहिल्यात काम होतं, दुसऱ्यात ते दाबलं जातं.

स्पर्धक वाढले तर? चार कारखाने असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १२ टन येतात. ३० रुपयांची बचत एवढ्याशा मालावर पसरते, एकट्याने संशोधन केलं तर फायदा साडेसहा लाखांच्याही आत राहतो आणि सात लाख कोणीच घालत नाही. उलट एकटाच कारखाना असता तर त्याने ३० टन विकले असते आणि त्याला ९ लाखांवर फायदा झाला असता. मोठ्या कंपन्याच संशोधनाला पोषक असतात, असं शुम्पेटर १९४२ मध्ये म्हणाला तेव्हा त्याच्या बाजूने असा हिशेब होता.

पण चढाओढ कशावर आहे, हे बदललं की हिशेब उलटतो. सरकारी टेंडर घ्या, जिथे सगळा माल ‘एल-वन’चा, म्हणजे सर्वांत कमी दर भरणाऱ्याचा. दोघांचा खर्च ४०० असेल तर दर ४०० पर्यंत घसरतो आणि नफा उरत नाही. यात एकाचा खर्च ३७० झाला की तो ४०० च्या किंचित खाली दर भरून सगळे ६० टन उचलतो: फायदा १८ लाख, मक्तेदाराच्या जवळपास दुप्पट. शून्यावर बसलेल्याला गमावण्यासारखं काही नसतं म्हणून त्याची धडपड जास्त, हा केनेथ अ‍ॅरोचा १९६२ मधला मुद्दा तो हाच. दुखणं एवढंच की दोघांनीही संशोधन केलं तर दर ३७० होतो, नफा पुन्हा शून्य, आणि दोघांचे सात-सात लाख पाण्यात. म्हणून अशा बाजारात बहुधा एकजण झेप घेतो आणि दुसरा पाय मागे घेतो.

कागदाबाहेरचा एक प्रयोगही पाहण्यासारखा आहे. जपानी चिपउद्योगाच्या धसक्याने १९८७ मध्ये अमेरिकेतल्या १४ कंपन्यांनी ‘सेमाटेक’ ही सामायिक संशोधनसंस्था काढली. ती टेक्सासमधल्या ऑस्टिनला वसली आणि सरकारने सुरुवातीला वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर दिले. पुढे डग्लस अर्विन आणि पीटर क्लेनो यांनी हिशेब तपासले, तेव्हा सभासद कंपन्यांचा संशोधनावरचा खर्च घटल्याचं आढळलं, सुमारे ९ टक्क्यांनी. वरवर हे अपयश दिसतं. पण एकच प्रयोग १४ ठिकाणी होत होता तो एका ठिकाणी होऊ लागला, तर खर्च उतरणारच.

आपल्या दोन कारखान्यांतही हेच घडू शकतं. दोघांनी वेगवेगळं संशोधन केलं तर १४ लाख जातात, एकत्र केलं तर ७. पद्धत एकच, वाचणारे ३० रुपयेही तेच, भावही ५८०. संशोधनाचा खर्च मात्र आकड्यांत निम्मा दिसेल. म्हणून संशोधन वाढलं की घटलं हे बघताना खर्चाच्या ओळीबरोबर किलोचा भावही वाचावा.