नातवाचं इंग्रजी, आजोबांचे कान

वाईच्या निवृत्त गुरुजींना इंग्रजी वाचता येत होतं. घोडं अडत होतं ते ऐकताना. न्यू जर्सीतला नातू 'वॉटर' म्हणे, त्यांना 'वॉडर' ऐकू येई. अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांमधला 'ट' असा मऊ पडतो, 'गोइंग टू'चं 'गॉना' होतं. तिथे व्याकरणाचं पुस्तक काय कामाचं? गुरुजींनी नातवाकडचंच गोष्टीचं पुस्तक मागवलं. रविवारी संध्याकाळी ७ ला, म्हणजे उन्हाळ्यात तिकडच्या सकाळी साडेनऊला, नातू मोठ्याने वाचतो. गुरुजी ओळीवर बोट फिरवत ऐकतात. कान चुकला, की पेन्सिलीची खूण. मग तेच पान ते वाचतात आणि नातू चुका काढतो, अगदी मास्तरी थाटात! भरभर गप्पा अजून निसटतात. पण सूनबाईंनी अर्थ सांगायला तोंड उघडलं, की नातू ओरडतो, "मॉम, डोन्ट टेल हिम!"