अपिलाचा मसुदा: बोट नेमकं कुठं ठेवायचं?

दिवाणी दाव्यात हरलेला माणूस वकिलाकडे येतो, तेव्हा त्याचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "साहेब, निकाल साफ चुकीचा लागलाय." त्याचं दुःख खरं असतं. पण तेच वाक्य अपिलात लिहून चालत नाही. 'निकाल बेकायदेशीर आहे, पुराव्याच्या विरुद्ध आहे' हे कारण हजारो अपील मेमोंमध्ये सापडेल. ते वाचून न्यायाधीशांना त्या दाव्याबद्दल काहीच कळत नाही.

बांधाचं एक नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. शेजाऱ्यानं सहा गुंठे अतिक्रमण केलं, असा दावा झाला. न्यायालयानं तीन मुद्दे काढले: वादीची मालकी, प्रतिवादीचं अतिक्रमण आणि दावा मुदतीत आहे का. तिन्हींची उत्तरं वादीच्या बाजूनं गेली आणि सहा गुंठ्यांचा ताबा देण्याचा हुकूमनामा झाला. अतिक्रमणाचा निष्कर्ष मोजणीच्या नकाशावर उभा आहे. तो नकाशा म्हणजे निशाणी ३४. मोजणीदाराची साक्ष निशाणी ४१ ला आहे.

मसुदा लिहिण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात न्यायालयाचा निष्कर्ष, दुसऱ्यात त्यासाठी निकालपत्रात दिलेला आधार आणि तिसऱ्यात त्या आधाराला छेद देणारा, पण निकालपत्रात न आलेला पुरावा. तिसरा रकाना भरण्यासाठी साक्षी ओळ न ओळ वाचाव्या लागतात. इथं उलटतपासातल्या सहाव्या परिच्छेदात मोजणीदारानं कबूल केलं आहे की त्यानं फक्त वादीचा गट मोजला, प्रतिवादीचा मोजलाच नाही. शेजारचं क्षेत्र मोजलं नाही, तर सहा गुंठे तिकडं सरकले हे कशावरून ठरलं? निकालपत्रात या कबुलीचा उल्लेखही नाही. आता कारण असं लिहिता येतं:

"मुद्दा क्र. २ चा निष्कर्ष केवळ निशाणी ३४ वर आधारलेला आहे. प्रतिवादीच्या गटाची मोजणी केली नाही, ही निशाणी ४१, परिच्छेद ६ मधील मोजणीदाराची कबुली खालील न्यायालयाने विचारात घेतलेली नाही."

दोनच वाक्यं, पण न्यायाधीश लगेच ते पान उघडून पाहू शकतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम १ चीही हीच अपेक्षा आहे: कारणं थोडक्यात, वेगवेगळी, ओळीनं क्रमांक देऊन लिहावीत, त्यांत युक्तिवाद किंवा हकीकत नसावी. जे कारण मेमोत नाही, ते पुढं न्यायालयाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही. त्यामुळं तिसऱ्या रकान्यातली महत्त्वाची नोंद सुटता कामा नये.

सगळ्याच निष्कर्षांवर असा हल्ला करता येत नाही. दोन साक्षीदारांपैकी खरा कोण, हे खालच्या न्यायाधीशांनी त्यांना समोर पाहून, ऐकून ठरवलेलं असतं. वरच्या न्यायालयासमोर फक्त कागद असतात. म्हणून सर्वोच्च न्यायालयानं सरजू प्रसाद प्रकरणात १९५० मध्येच सांगितलं की, अशा ठिकाणी सहसा हात घालू नये. साक्षीतली एखादी विशेष बाब खालच्या न्यायाधीशांच्या नजरेतून निसटली असेल किंवा ती हकीकतच पुरेशी असंभाव्य वाटत असेल, तर गोष्ट वेगळी. 'साक्षीदार खोटा होता' एवढंच लिहिणं म्हणूनच दुबळं ठरतं. मात्र नकाशा, सातबारा, खरेदीखत यांवरून काढलेलं अनुमान वरचं न्यायालयही तितक्याच नीट तपासू शकतं. आपल्या उदाहरणातली कबुली साक्षीत असली, तरी ती नकाशाच्या पायावरच येते. त्यामुळं ते कारण पहिलं ठेवावं.

आणखी एक चूक महागात पडते. अतिक्रमणाचा मुद्दा मोडला की हा दावा कोसळतो, कारण हुकूमनामा त्यावरच टिकून आहे. पण उलट बाजूनं पाहा. दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला असेल आणि वादीनं अपिलात फक्त अतिक्रमणावर दहा कारणं लिहिली, तर ती सगळी पटूनही हाती काही लागत नाही. मुदतीचा निष्कर्ष तसाच उभा राहतो आणि दावा फेटाळलेलाच राहतो. आपल्याला हरवणाऱ्या प्रत्येक निष्कर्षाला निदान एक स्वतंत्र कारण भिडलंच पाहिजे.

ही मेहनत पहिल्याच अपिलात करायची, कारण दुसरं अपील कलम १०० खाली फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालतं. वस्तुस्थितीचा पुरावा नव्यानं तोलण्याची हक्काची जागा पहिलं अपील हीच आहे.

जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात, उच्च न्यायालयात ९०. नकलेसाठी लागलेला वेळ वगळला जातो. नुसतं अपील दाखल केल्यानं हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात निकालपत्र आणि हुकूमनाम्याबरोबर सगळ्या साक्षींच्या नकलांसाठीही अर्ज करा. सहावा परिच्छेद निकालपत्रात नाही, तो साक्षीत आहे.