थोड्या घासांत जास्त बळ

उंची १६० सेंटिमीटर, वजन ४२ किलो. सोलापुरातला एखादा यंत्रमाग कामगार टीबीचे औषध सुरू करतो, तेव्हा त्याच्या केसपेपरवर असे आकडे दिसणे नवलाचे नाही. या उंचीला निदान ४७-४८ किलो वजन हवे. झीज भरून काढायला दिवसाला साधारण २२०० कॅलरी आणि ६५ ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. पण त्याची अन्नावरची वासनाच उडालेली असते. दीड भाकरी खाल्ली की ताट बाजूला सरते.

अशा वेळी जास्त वाढून उपयोग नसतो. तेवढ्याच घासांत जास्त सत्त्व बसवावे लागते. घरोघरी नेमके उलटे होते. आजारी माणसाला पचायला हलके म्हणून पातळ वरण, पेज, चहा-बिस्कीट दिले जाते. पंधरा ग्रॅम डाळीच्या वाटीभर पातळ वरणातून जेमतेम तीन ग्रॅम प्रथिने मिळतात आणि पोट मात्र पाण्याने भरते. तीच वाटी घट्ट केली, वर चमचाभर तेलाची फोडणी दिली, तर काम होते.

या कामगाराचा दिवस असा आखता येतो. गोळ्या शक्यतो सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या असतात. मळमळत असेल तर वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे, गोळी चुकवू नये. त्यानंतर तासाभराने पेलाभर दुधात तीन-चार चमचे सातूचे पीठ आणि गूळ. दहाच्या सुमारास मूठभर शेंगदाण्यांचा गूळ घालून केलेला लाडू. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, सोयावडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबू. चार वाजता मूठभर फुटाणे आणि केळे. रात्री मूगडाळीची मऊ खिचडी तेलाची धार घालून, सोबत वाटीभर दही. झोपताना पुन्हा पेलाभर दूध. बेरीज २२०० कॅलरींच्या आसपास जाते, प्रथिने ८० ग्रॅमपर्यंत. दोन भाकरी एका बैठकीत जात नसतील, तर एक जेवणात आणि एक दुधात कुस्करून तासाभराने द्यावी.

यातली खरी कमाई सोयावडीची. कोरड्या २५ ग्रॅम वड्यांत, म्हणजे ओंजळभर वड्यांत, सुमारे १३ ग्रॅम प्रथिने असतात. वास नको वाटतो ही नेहमीची तक्रार. त्यासाठी वड्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्यात, दोनदा गार पाण्यात घट्ट पिळाव्यात आणि जाडसर वाटून कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात शिजवाव्यात. मग त्या वेगळ्या लागत नाहीत.

शेंगदाणे मात्र निवडून घ्यावेत. बुरशीचे, काळपट, कडवट दाणे यकृताला घातक असतात आणि टीबीच्या गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो.

खर्चाचे काय? रेशनचे धान्य घरात असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात उपचारभर दरमहा १००० रुपये जमा होतात, आधी ही रक्कम ५०० होती. महिन्याला साधारण सव्वा किलो शेंगदाणे, पाऊण किलो सोयावडी, एक किलो फुटाणे आणि तेवढाच गूळ एवढी खरेदी या रकमेत बसू शकते. दूध वेगळे धरावे लागेल. महागड्या प्रोटीन पावडरच्या डब्याची गरज उरत नाही.

झारखंडमध्ये रुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा देऊन झालेला ‘राशन्स’ हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ४२ किलोच्या या माणसासाठी पाच टक्के म्हणजे दोन किलो. आठवड्याला पाव किलो वाढ पुरे. दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहिले, की पथ्य लागू पडते आहे का ते कळते.

सगळ्यांना हे ताट चालत नाही. मधुमेह असेल तर गूळ आणि केळे वगळून फुटाणे, सोया, दही वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रुग्ण अगदी हाडांचा सापळा झाला असेल, तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे, कारण फार खंगलेल्या शरीरावर एकदम भरपूर अन्नाचा मारा झाला तर जिवावर बेतू शकते. गोळ्यांमुळे लघवी नारिंगी होते, त्याला घाबरायचे कारण नाही. पण येऊ लागलेली भूक अचानक मेली, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसले, तर लाडू-दुधाचा आग्रह थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.