जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग

दुकानाचं वीजबिल एखाद्या महिन्यात अचानक दुप्पट आलं, की मालक वीज कार्यालयात जातो आणि बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच बोलतो: "साहेब, मीटर जास्त पळतोय." या एका वाक्याने पुढची वाट ठरून जाते. मीटर तपासणीचा अर्ज द्या, शुल्क भरा, मीटर प्रयोगशाळेत जाईल, अहवालाची वाट बघा. काही आठवड्यांनी अहवाल येतो की मीटर बरोबर आहे, आणि बिल जिथल्या तिथे राहतं. अहवाल खोटा नसतो. मीटर खरोखरच बरोबर असतो, चूक बिलात भरलेल्या आकड्यात असते. म्हणून पत्र लिहायच्या आधी तो आकडा हुडकावा लागतो. "बिल जास्त आलं आहे" हे गाऱ्हाणं झालं. "बिलातलं अमुक रीडिंग चुकलं आहे, ते तमुक असायला हवं" असं लिहिलं, तर समोरच्या माणसाला ते कागदाशी ताडून बघता येतं.

तालुक्याच्या गावातल्या एका डेअरीच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. दोन डीप फ्रीझर, एक काचेचा कूलर, पंखे, दिवे. व्यापारी जोडणी, महिन्याला साधारण साडेनऊशे युनिट. मागच्या सहा महिन्यांच्या बिलांची सरासरी १६,४८० रुपये. ऑगस्टचं बिल आलं ३१,२४० रुपयांचं. त्या महिन्यात दुकानात नवं काहीच आलं नव्हतं. एकच गोष्ट बदलली होती: २५ जुलैला जुना मीटर काढून नवा बसवला होता.

मीटर बदललेल्या महिन्याचं बिल इतर बिलांसारखं नसतं, त्यात दोन मीटरांचा वापर एकत्र येतो. जुन्या मीटरवर मागच्या बिलापासून तो काढेपर्यंत किती युनिट झाले, ते एकीकडे. नव्या मीटरवर तो बसवल्यापासून रीडिंग घेईपर्यंत किती झाले, ते दुसरीकडे. नव्या मीटरचे युनिट चालू आणि मागील रीडिंगच्या वजाबाकीतून सरळ दिसतात. जुन्याचे मात्र बिलावर 'समायोजित युनिट' अशा रकान्यात नुसता एक आकडा होऊन बसतात. तो कुठून आला, हे बिल सांगत नाही. चूक झाली तर ती तिथे लपते.

या दुकानाच्या बिलात नव्या मीटरचं रीडिंग ४ पासून ३३४ पर्यंत होतं, म्हणजे ३३० युनिट. समायोजित युनिट होते १,४८६. एकूण १,८१६. आधीच्या बिलात, ५ जुलैला, जुन्या मीटरचं रीडिंग ४८,३१६ होतं. त्यात १,४८६ मिळवले की ४९,८०२ येतात. याचा अर्थ कंपनीच्या संगणकात जुन्या मीटरचं अखेरचं रीडिंग ४९,८०२ असं भरलं गेलं. मालकाने मीटर काढताना मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. त्यात दिसत होतं ४८,९०२. आठ आणि नऊ यांची अदलाबदल झाली होती. फरक बरोबर ९०० युनिटांचा.

हिशेबनीसांना ही जात चांगली ओळखीची असते. शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडले की खऱ्या आणि चुकलेल्या आकड्यातल्या फरकाला नेहमी नऊने पूर्ण भाग जातो. ९०० ला जातोच. हा काही पुरावा नव्हे, कारण नऊने भाग जाणारे आकडे इतरही भरपूर असतात. पण फरकाला नऊने भाग गेला, की अंकांची अदलाबदल झाली आहे का हे आधी बघावं.

खरा पुरावा दिवसांच्या हिशेबात मिळाला. ५ ते २५ जुलै हे वीस दिवस जुना मीटर होता. कंपनीच्या आकड्याप्रमाणे त्या वीस दिवसांत १,४८६ युनिट जळले, म्हणजे रोज ७४. पुढच्या अकरा दिवसांत नव्या मीटरवर ३३०, म्हणजे रोज ३०. तेच फ्रीझर, तेच दुकान, आणि मीटर बदलल्या दिवसापासून वापर निम्म्याहून कमी! फोटोतलं रीडिंग धरलं तर जुन्या मीटरवर ५८६ युनिट होतात, रोज सुमारे २९. दोन्ही मीटर एकमेकांशी जुळतात. महिन्याचा खरा वापर ५८६ अधिक ३३०, म्हणजे ९१६ युनिट.

ही चूक आपोआप का सुधारत नाही, हेही समजून घेतलं पाहिजे. चालू मीटरचं रीडिंग एखाद्या महिन्यात चुकून जास्त लिहिलं गेलं, तर पुढच्या महिन्यात खरं रीडिंग आलं की बिल तेवढंच कमी होतं. काढून नेलेल्या मीटरचं पुढचं रीडिंग कधीच येत नाही. वाढीव ९०० युनिट कायमचे खात्यावर बसतात आणि पुढची सगळी बिलं अगदी नेहमीसारखी येत राहतात. बरेच दुकानदार ते पैसे भरूनही टाकतात, कारण पुढच्या महिन्यापासून सगळं सुरळीत दिसतं.

पत्र उपविभागाच्या अभियंत्याच्या नावे द्यावं. वर ग्राहक क्रमांक, जुन्या आणि नव्या मीटरचे क्रमांक, बिलाचा महिना आणि तारीख. मजकूर इतकाच पुरतो:

"विषय: जुन्या मीटरच्या अखेरच्या रीडिंगची चुकीची नोंद व बिलदुरुस्ती.

महोदय, माझ्या दुकानातील मीटर २५ जुलै रोजी बदलण्यात आला. त्या वेळी जुन्या मीटरवर ४८,९०२ हे रीडिंग होते. मीटर बदली अहवालाची प्रत व फोटो सोबत जोडला आहे. ऑगस्टच्या बिलात जुन्या मीटरचे १,४८६ युनिट धरले आहेत. यावरून अखेरचे रीडिंग ४९,८०२ असे नोंदले गेल्याचे दिसते. ५ जुलैचे रीडिंग ४८,३१६ असल्याने जुन्या मीटरचा वापर ५८६ युनिट होतो. नव्या मीटरचे ३३० युनिट मला मान्य आहेत. तरी एकूण वापर १,८१६ ऐवजी ९१६ युनिट धरून सुधारित बिल द्यावे, ९०० युनिटांवर लावलेले सर्व आकार, वीज शुल्क व त्यावरील विलंब आकार रद्द करावेत, आणि माझ्या खात्याच्या वापराच्या नोंदीतही ९१६ युनिट अशी दुरुस्ती करावी. नव्या मीटरबद्दल माझी तक्रार नाही."

शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ते लिहिलं की अर्ज मीटर तपासणीच्या गठ्ठ्यात जात नाही. मागणीही मुद्दाम युनिटांत केली आहे, रुपयांत नाही. स्थिर आकार युनिटांवर अवलंबून नसतो. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि या सगळ्यांवरचं वीज शुल्क मात्र बदलतं. दुकानदाराने स्वतः केलेल्या रुपयांच्या गणितात थोडी जरी चूक निघाली, तरी चर्चा तिच्याकडेच वळते. युनिट पक्के झाले की रुपये कंपनीचं सॉफ्टवेअर काढतं.

मीटर बदली अहवाल हा या प्रकरणातला सगळ्यात वजनदार कागद. मीटर बदलणारा कर्मचारी त्यात जुन्या मीटरचं अखेरचं आणि नव्याचं सुरुवातीचं रीडिंग लिहितो. बहुतेक जण त्याची प्रत मागतच नाहीत. महाराष्ट्रात सध्या ठिकठिकाणी जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवले जात आहेत, तेव्हा प्रत मागून घ्यायचं हे लक्षात ठेवलेलं बरं. फोटोही नीट काढावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर आकडे आळीपाळीने बदलत असतात, म्हणून पडद्यावर kWh अक्षरं असतील तेव्हाच टिपावा. मीटरचा क्रमांक त्याच फोटोत यायला हवा, नाहीतर तो फोटो कुठल्या मीटरचा, असा प्रश्न येतो. दशांश चिन्हानंतरचा अंक रीडिंगमध्ये धरत नाहीत. तो जोडून वाचला तर ४८,९०२ चे चार लाखांवर जातात. प्रतही नाही आणि फोटोही नाही, अशी स्थिती असेल तर पत्रात अहवालाची प्रत मागावी आणि निर्णय होईपर्यंत जुना मीटर जपून ठेवावा अशी विनंती करावी. त्याचा पडदा बंद पडलेला असला तरी आतली नोंद बऱ्याचदा यंत्राने वाचता येते.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. पुढचं सगळं त्या पोचेवर उभं राहतं.

मग प्रश्न येतो बिल भरण्याचा, कारण अर्ज दिला म्हणून अंतिम तारीख थांबत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात वादातल्या बिलाची सोयही आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ग्राहकाने हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. आपल्या दुकानदाराच्या बाबतीत ही रक्कम १६,४८०. भरणा खिडकीवर ती सहजासहजी घेतली जाईलच असं नाही, म्हणून हे कलम लिहून त्याच पत्रात वेगळ्या परिच्छेदात तशी परवानगी मागावी. फ्रीझरमध्ये माल असलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

उपविभागात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. वीज कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे प्रत्येक वितरण कंपनीला असा मंच स्थापन करावा लागतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. मंचाचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल. व्यापारी जोडणी असलेल्यांनी सरळ ग्राहक आयोगाकडे धाव घेण्याआधी विचार करावा. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूसाठी घेतलेल्या सेवेचा ग्राहक बसत नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सूट आहे, पण ती आधी सिद्ध करावी लागते. वीज मंचापुढे हा अडसर येत नाही, तिथे व्यापारी जोडणीचा ग्राहकही ग्राहकच असतो.

बिल दुरुस्त झालं की पैसे पुढच्या बिलात वजा होऊन येतात आणि मालक फाईल बंद करतो. इथे एकदा वापराचा तक्ता बघावा. बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. रुपये वजा झाले, पण तिथे ऑगस्टपुढे १,८१६ तसेच राहिले, तर काम अर्धंच झालं. सुरक्षा ठेव मागच्या वर्षभराच्या सरासरी बिलावरून ठरते. फुगलेला महिना सरासरीत राहिला, तर पुढे वाढीव ठेवीची मागणी येते आणि तेव्हा हे बिल कुणाला आठवतही नसतं. पत्रात वापराच्या नोंदीची दुरुस्ती वेगळी मागितली ती याचसाठी. तक्ता बदललेला नसेल तर जुन्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन चार ओळींचं दुसरं पत्र त्याच आठवड्यात द्यावं.