आजीला सांगितलं एक, नातीला दुसरं

सांगली जिल्ह्यातल्या एका घरातली ही गोष्ट समजा. आजी बासष्ट वर्षांची, गळ्यात तुळशीची माळ. नात मनू यंदा नववीत. एरवी सकाळची देवपूजा आजी कुणाला करू देत नाही. त्या दिवशी मात्र तिने उंबऱ्याबाहेरूनच मनूला हाक मारली, "पोरी, आज दिवा तू लाव."

मनूने दिवा लावला आणि आजीजवळ येऊन बसली. "बरं नाही का गं?"

"बरं हाय. आज शिवायचं न्हाई मला."

मनू बघतच राहिली. तिला स्वतःला पाळीच्या दिवसांत देवाजवळ जाऊ नको म्हणणारी हीच आजी. पण आजीची पाळी तर मनूच्या जन्माआधीच गेलेली. "म्हणजे तुला पाळी आली? आता?"

आजीने आधी तिला गप्प केलं. मग हळूहळू बोलायला लागली. गेल्या महिन्यात दोन दिवस लुगड्याला डाग पडले, आता परत पडले. शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, परत वयात आलीस, चांगलंच आहे की. घरात मात्र आजी बोलली नाही. आषाढी तोंडावर आली होती. वारीला जाऊ देणार नाहीत, ही धास्ती तिला डागापेक्षा मोठी होती.

त्या दुपारी शेंगा फोडताना दोघींनी एकमेकींना पहिल्यापासून सगळं सांगितलं. आजीला न्हाण आलं तेव्हा तिच्या आईने फक्त "कावळा शिवला" एवढंच म्हटलं आणि पडवीत घोंगडं टाकून दिलं. लोणच्याला हात लावायचा नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, कपड्याच्या घड्या कुणाला दिसणार नाहीत अशा वाळवायच्या. रक्त कुठून येतं, का येतं, हे कुणी सांगितलं नाही. पाळी जाताना काय होतं, हेही जावेच्या तोंडून एका वाक्यात कळलं: जाताना असंच जातं.

मनूला शाळेत ताईंनी चित्र काढून सांगितलं होतं. मुलांना मैदानावर पाठवून, पाऊण तासात. अंडाशय, गर्भाशय, अठ्ठावीस दिवस, पॅड कसं बदलायचं. आजीच्या तुलनेत ही फार मोठी मजल आहे. पण तिची पाळी कधी पस्तीस, कधी बेचाळीस दिवसांनी यायची, आणि ते अठ्ठावीस दिवस तिच्या डोक्यात असे बसले होते की आपल्यात काहीतरी बिघाड आहे असं तिला वाटायचं. पाळी थांबते कधी आणि कशी, हा विषय तर त्या तासात निघालाच नव्हता.

खरं तर मनूची आत्ताची पाळी आणि आजीची पन्नाशीच्या अलीकडची पाळी यांचं कारण एकच आहे. दर महिन्याला अंडाशयातून बीज बाहेर पडलं की त्यामागोमाग प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होतं. तेच गर्भाशयाचं अस्तर ताब्यात ठेवतं आणि ठरल्या वेळी पाळी आणतं. वयात आल्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षं आणि पाळी जाण्याआधीची काही वर्षं बीज दर महिन्याला बाहेर पडतंच असं नाही. मग नुसत्या इस्ट्रोजेनवर अस्तर वाढत राहतं. पाळी लांबते, आणि आली की जोरात येते. म्हणून नव्याने पाळी सुरू झालेल्या मुलीत २१ ते ४५ दिवसांचं अंतर हे सहसा बिघाडाचं लक्षण नसतं. आजीची पाळीही सत्तेचाळिशीत दोन-दोन महिने चुकायची, मग आठवडाभर जायची. जावेचं वाक्य तेवढ्यापुरतं बरोबर होतं.

पण त्यालाही मर्यादा आहे. तासाला पॅड किंवा घडी बदलावी लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, धाप लागण्याइतका अशक्तपणा आला असेल, तर "जाताना असंच जातं" म्हणून घरी बसणं चूक आहे.

पाळी सलग बारा महिने आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे बऱ्याच बायकांच्या बाबतीत हे पंचेचाळीस ते पन्नास या वयात होतं. अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने झोपमोड होणं, योनिमार्ग कोरडा पडणं हे त्याच बदलाचे भाग. मात्र त्या बारा महिन्यांनंतर रक्त गेलं, अगदी एक डाग पडला, तरी ती पाळी नव्हे. बीजच निघत नाही, तर पाळी येणार कुठून? शेजारणीचं म्हणणं इथेच घातक ठरतं.

हे मनूलाही माहीत नव्हतं. तिने आजीचा शब्द मोडून संध्याकाळी आईला सांगितलं, एवढंच केलं. आईने आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वारीचं नंतर बघू, आधी डॉक्टरीणबाईंकडे."

तालुक्याच्या दवाखान्यात आधी आतून तपासणी झाली, मग योनिमार्गातून सोनोग्राफी. पाळी गेलेल्या बाईचं अस्तर पातळ असायला हवं. रक्त गेलं असताना ते ४ मिलिमीटरच्या वर दिसलं, तर पुढे तपासावं लागतं. आजीचं ११ निघालं. मग अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्यात कर्करोग नव्हता. गर्भाशयात एक पॉलिप, म्हणजे अस्तराची मांसल वाढ होती. दुर्बिणीतून ती काढली आणि तीही तपासून घेतली.

अशा दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींत कारण साधं निघतं: सुकलेलं, नाजूक झालेलं अस्तर किंवा असा एखादा पॉलिप. साधारण एकीच्या बाबतीत तो गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो. लठ्ठपणा किंवा मधुमेह असेल तर धोका वाढतो. हा कर्करोग बहुतेकदा रक्तस्रावाच्या रूपाने लवकरच खूण देतो, आणि गर्भाशयाबाहेर पसरण्याआधी सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता खूप असते. खूण लपवली, तर हाच फायदा हातचा जातो.

"मग पिशवी काढायची न्हाई?" आजीने डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारलं. तिच्या ओळखीतल्या कितीतरी बायकांनी काढलेली. तिच्या भीतीला आधार आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरं जातंय, पोटात दुखतंय, मुलं झालीत, आता पिशवीचं काय काम, काढली नाही तर कॅन्सर होईल, अशी भीती घालून कोवळ्या वयातही शस्त्रक्रिया झाल्या. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर तिशी-पस्तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात कायमची जाते, आणि हाडं वेळेआधी ठिसूळ व्हायला लागतात. म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर तपासणीत नेमकं काय सापडलं, औषधाने भागेल का आणि अंडाशयं ठेवणार का, हे तीन प्रश्न विचारून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

डॉक्टरीणबाईंनी आजीला आणखी एक गोष्ट सांगितली: पुन्हा डाग दिसला, तर पुन्हा यायचं. एकदा तपासणी झाली म्हणजे कायमची सुटका झाली असं नाही.

आपल्या घरातली आई, आजी, सासू, मावशी असले डाग दाखवायला स्वतःहून येणार नाही. तेव्हा आपणच विचारा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कपड्याला एक जरी डाग दिसला असेल, तर त्याच आठवड्यात तिला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.